पाचवा परिच्छेद आणि चौदावा

वकिली सुरू करून मला दीड वर्ष झालं होतं आणि आपल्याला सगळं येतं असं मला वाटत होतं. हा आजार साधारण त्याच सुमारास होतो. माझा बरा झाला तो एका बुकबाइंडरच्या दाव्यामुळे. औषध फार महाग पडलं, आणि ते पैसे मी नाही, त्या बिचाऱ्यांनी भरले.

आमचं ऑफिस कसबा पेठेत होतं, सायकलच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. ज्यांच्याकडे मी ज्युनियर होते त्या वकिलांना सगळेच 'सर' म्हणत. सर फक्त दिवाणी कामं करत: घरं, जमिनी, वाटण्या, भावकीतल्या भिंती. त्यांचा आवाज कधी चढत नसे. रागावले की ते मला 'आपण' म्हणायला लागत. "आपण हे वाचून पाहिलंत का?" असं आलं की समजावं, आजचा दिवस गेला.

सरांच्या कपाटांतली झाडून सगळी पुस्तकं एकाच माणसाने बांधलेली होती. त्यांना अख्खी गल्ली चाचा म्हणे. साठी उलटलेली, अंगाने काडी, बोटांना कायम खळ वाळलेली. दोन बोळ सोडून त्यांचा भाड्याचा गाळा होता आणि त्यात कागद कापायचं भलंमोठं लोखंडी मशीन. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायचे. वाचायला मात्र त्यांना उर्दूच यायचं. कायद्याची हजारो पानं त्यांच्या हातून गेली असतील, पण एक ओळ म्हणून वाचलेली नाही. मी एकदा आश्चर्य दाखवलं तर म्हणाले, "पानांवरचे आकडे समजतात ना बाई, तेवढं मला पुरतं. आतलं तुम्ही वाचा. त्याचे पैसे तुम्हाला मिळतात, मला नाही."

एका सकाळी चाचा आले ते पुस्तकं न घेता. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला. उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

गोष्ट साधी होती, म्हणून जास्त वाईट. चाचांची बहीण लवकर गेली, तिचा मुलगा चाचांनीच वाढवला. स्वतःला मूलबाळ नव्हतं. भाच्याला मराठी शाळेत घातलं, कॉलेजात पाठवलं, तो एका कंपनीत क्लार्क झाला. चाचांचं स्वतःच्या नावावरचं घर होतं, बोळातलं, दुमजली म्हणायचं इतकंच. खाली दोन खोल्या, वर एक. घरपट्टी, नळ, मीटर यांच्या कामाला महापालिकेत खेटे घालायला लागायचे. भाचा म्हणाला, "मामू, मला मुखत्यारपत्र करून द्या, तुमच्या वतीने मी फिरतो." दोघं जाऊन नोंदणी करून आले. भाच्याने कागद वाचून दाखवला, चाचांनी सही केली, अंगठा उठवला. अधिकाऱ्याने विचारलं कबूल आहे का, तर कबूल.

तो कागद मुखत्यारपत्र नव्हता. खरेदीखत होतं. घर भाच्याला तीस हजाराला विकलं आणि तीस हजार रोख मिळाले, असं त्यात चाचांच्या सहीने लिहिलेलं होतं. मिळाला होता एक चहा, तोही चाचांनीच पाजला होता. पुढे भाच्याचं लग्न झालं, घरात कुरबुरी झाल्या, आणि एक दिवस त्याने कागद दाखवून सांगितलं की घर माझं आहे, तुम्ही गाळ्यात राहा. तेव्हापासून चाचा मशीनशेजारी पथारी टाकून झोपत होते.

सरांनी तारखा विचारल्या आणि बोटांवर मोजल्या. "कागद काय आहे हे कळून किती दिवस झाले?"

"तीन वर्षं होतील आता."

"होतील म्हणजे? झाली की नाही?"

"अकरा दिवस आहेत," मी कॅलेंडर बघून म्हणाले.

सर चाचांकडे बघत राहिले. "असा कागद रद्द करून मागायला कायदा तीन वर्षं देतो. आणखी बारा दिवसांनी आला असतात, तर हा मी पुस्तकात खूण म्हणून ठेवला असता. इतके दिवस करत काय होतात?"

चाचा म्हणाले, "वाट बघत होतो. पोरगा येईल म्हणून."

सर मला म्हणाले, "दावा लिहायला घे." आणि दुसऱ्याच दिवशी ते तापाने आडवे झाले.

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यात आहे. दिवाणी दावा फुकट लागत नाही. कोर्टाकडे आपण जे मागतो, त्याची किंमत दाव्यातच एका परिच्छेदात लिहावी लागते, आणि त्या किमतीवरून कोर्ट फी ठरते. किंमत मागण्याची, भांडणाची नव्हे. उसने पैसे मागत असाल तर जेवढे मागता तेवढ्यावर फी. शेतजमीन असेल तर तिच्या सरकारी आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ठरावीक पटीवर, म्हणून ती हलकी. पण घराचा ताबा मागितला, की घराचा बाजारभाव. तोही दावा लावला त्या दिवशीचा. नुसतं 'हा कागद खोटा आहे असं ठरवून द्या' एवढंच मागितलं तर फी बरीच कमी बसते, पण ज्याच्या घरात दुसरा बसला आहे त्याने तेवढंच मागितलं तर कोर्ट विचारतं, ताबा का नाही मागितलात? मागता येत असून मागितला नाही म्हणून मग तेही ठरवून देत नाही. थोडक्यात, चाचांना ताबा मागायलाच हवा होता आणि बाजारभावावर पुरी फी भरायलाच हवी होती.

पुण्यात मात्र प्रत्येक घराला दोन बाजारभाव असतात. विकायला निघालं की घर मोक्याचं, हवेशीर, मंडईपासून हाकेच्या अंतरावर. कोर्ट फी भरायची वेळ आली की तेच घर पडायला आलेलं, ओल धरलेलं, बोळ इतका अरुंद की कोणी फुकटसुद्धा घेणार नाही. हे सगळे वकील करतात. मी एकदाच करायला गेले.

चाचांकडे पैसे नव्हते हे मला माहीत होतं. म्हणून मी चौदाव्या परिच्छेदात, म्हणजे 'दाव्याची किंमत व कोर्ट फी' या परिच्छेदात, खरेदीखतातलीच किंमत धरली: तीस हजार. कागदोपत्री नोंदलेली किंमत, कोण काय म्हणणार? तेवढी फी चाचा कशीबशी भरू शकत होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पाचवा परिच्छेद मी त्याच्या आदल्या रात्री लिहिला होता. तो फसवणुकीचा होता. मला वाटतं तेवढं सुंदर मराठी मी नंतर कधी लिहिलं नाही. वादी वयोवृद्ध, मराठी अक्षरओळख नसलेला, प्रतिवादीवर पुत्रवत माया करणारा वगैरे सगळं झाल्यावर मी लिहिलं होतं: 'सदर घर हे शहराच्या अत्यंत मोक्याच्या जागी असून त्याची किंमत कोणत्याही परिस्थितीत सव्वा लाखापेक्षा कमी नाही. असे घर अवघ्या तीस हजारांस कोणीही शहाणा मनुष्य विकणार नाही, यावरूनच कागद फसवून घेतल्याचे उघड होते.'

कोर्टाबाहेरच्या झाडाखालच्या टायपिस्टने टाइप करताना मान वर करून म्हटलं, "बाई, भारी लिहिलंय." मी आणखी फुगले.

मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना दावा घेऊन गेले. दावे तपासून घ्यायचं काम शिरस्तेदारांचं. आमचे शिरस्तेदार चष्म्याच्या वरून बघत वाचायचे. पाचव्या परिच्छेदाशी थांबले, पानं उलटून चौदाव्याशी थांबले, परत पाचव्याकडे आले.

"पाचवा परिच्छेद कोणी लिहिलाय?"

"मी."

"आणि चौदावा?"

"तोही मीच."

"मग दोघींची एकदा गाठ घालून द्या," ते म्हणाले, आणि शिक्का मारला. मुदत जवळ आली होती म्हणून त्यांनी घेतला असावा. मला त्या क्षणी त्यांचं बोलणं कळलंच नाही. मला वाटलं, म्हातारे गंमत करतात.

कळलं ते तीन महिन्यांनी. भाच्याने नावाजलेले वकील केले होते. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी अर्ज टाकला, दोन पानांचा. त्यात माझं ते सुंदर मराठी जसंच्या तसं उतरवलेलं आणि खाली माझाच चौदावा परिच्छेद. वादीच्या म्हणण्याप्रमाणे घराची किंमत सव्वा लाख असेल, तर वादीने सव्वा लाखावर फी भरावी. तीस हजार असेल, तर वादीने फसवणुकीची ओरड बंद करावी. दोन्ही नसेल, तर दावा नाकारावा.

मी तो अर्ज सरांपुढे ठेवला. सरांनी वाचला. मग माझा दावा मागून घेतला, पाचवा वाचला, चौदावा वाचला.

"आपण हे लिहिलंत," सर म्हणाले.

मी हो म्हटलं.

"उत्तम आहे. दोन्ही बाजूंचं वकीलपत्र आपणच घेतलंत हे मला माहीत नव्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाले, "रडू नकोस, ते फीत धरत नाहीत." पण मग त्यांनी 'तू' म्हटलं होतं, हे बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं.

आता वाटा कुठल्या होत्या? फी कमी पडली म्हणून दावा लगेच मरत नाही. कोर्ट आधी योग्य किंमत कोणती ते ठरवतं, मग वादीला सांगतं की इतक्या दिवसांत उरलेली फी भर. त्या मुदतीत भरली, तर दावा पहिल्या दिवसापासून पुऱ्या फीचा होता असं धरतात. नाही भरली, तर वादपत्र नाकारतात. नाकारलं तरी नवा दावा लावायला बंदी नसते, फक्त तो मुदतीत बसायला हवा. आणि चाचांची तीन वर्षं तर कधीच संपली होती. म्हणजे फी भरली नाही तर घर गेलं, कायमचं गेलं.

किंमत कमीच आहे असं भांडावं, तर आपलाच पाचवा परिच्छेद पुसावा लागणार. सर म्हणाले, "चाचा, एक रस्ता आहे. फी भरायची ऐपत नाही म्हणून निर्धन वादी म्हणून अर्ज करता येतो. चौकशी होते, मग फी आत्ता माफ."

चाचांनी मान हलवली. "निर्धन कसा? हात चालतात माझे."

"अहो, कायद्याचा शब्द आहे तो."

"असू दे. मोहल्ल्यात नोटीस फिरेल ना? भाच्याच्या बायकोला कळेल, मामू भिकारी झाला म्हणून. तुम्ही सांगा कधी भरायचे. भरतो."

मला त्यांचा राग आला. असला कसला माज, असंच मनात आलं. ते माझ्या मनात आलं हे आज लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

मग मूल्यांकनाची चौकशी लागली. घराची खरी किंमत किती, एवढ्याच मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी पुरावा द्यायचा. भाच्याच्या वकिलांचा डाव सरळ होता: किंमत जितकी वर जाईल तितकी फी वर जाणार, आणि म्हातारा भरू शकणार नाही. म्हणून त्यांनी खुद्द भाच्यालाच पिंजऱ्यात उभं केलं.

मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. मला एखादा लबाड चेहरा अपेक्षित होता. हा तर सडपातळ, नीट भांग पाडलेला, शर्टाच्या खिशाला पेन लावलेला तरुण. चाचा मागच्या बाकावर बसले होते. त्याने शपथ घेताना चाचांकडे बघितलं नाही.

तो जोरात बोलला. घर मोक्याचं आहे. मंडई जवळ आहे. बांधकाम मजबूत आहे, पाणी चोवीस तास नाही पण भरपूर येतं. शेजारचं असंच घर दीड लाखाला गेलं. हे घर एक लाख चाळीस हजारांच्या खाली जाणार नाही. एवढं कौतुक मी माझ्या पाचव्या परिच्छेदातसुद्धा केलं नव्हतं.

सर उलटतपासाला उठले. त्यांनी आवाज अगदी मऊ केला, दुकानात साडीचा भाव विचारावा तसा.

"घराची चांगली माहिती आहे तुम्हाला."

"त्या घरातच वाढलो मी."

"हो ना. मग भाव आत्ताच वाढलेत का, की पूर्वीपासून असेच?"

भाच्याला वाटलं, सर किंमत खाली ओढताहेत. तो म्हणाला, "पेठेत भाव कमी होते कधी? पूर्वीपासून असेच आहेत."

"चार वर्षांपूर्वी? तुम्ही खरेदीखत केलंत तेव्हा?"

त्याच्या वकिलांनी मान वर केली. पण ते उठायच्या आत भाच्याने उत्तर दिलं. "तेव्हाही लाखाच्या वरच होती."

"लाखाच्या वर," सर म्हणाले. "लिहून घ्यावं साहेब. आणखी काही विचारायचं नाही."

जज्जसाहेबांनी ते लिहून घेतलं. मग भाच्याच्या वकिलांनी आपली फाइल इतक्या जोरात बंद केली की मागच्या बाकावर चाचांशेजारी पेंगत असलेला एक पक्षकार दचकून उठला.

कायद्याच्या दृष्टीने एवढ्याने काही निकाल लागत नव्हता. किंमत कमी आहे म्हणून खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. फसवणूक वेगळी सिद्ध करावी लागते. पण तीस हजाराला घेतलेलं घर तेव्हाच लाखाच्या वर होतं, हे ज्याने घेतलं त्यानेच शपथेवर सांगितलं होतं. कोर्ट फी वाढवायच्या नादात. माझ्या चुकीवर त्याने स्वतःची चूक आणून ठेवली, आणि त्याची जास्त जड होती.

मला कोर्टाबाहेर नाचावंसं वाटत होतं. सर म्हणाले, "नाच नंतर. आज आपण फीचा मुद्दा हरलोय, विसरू नकोस."

तेही खरंच. आदेश आला: घराची किंमत एक लाख तीस हजार, उरलेली फी तीस दिवसांत भरावी, न भरल्यास वादपत्र नाकारण्यात येईल. उरलेली फी म्हणजे काही हजार रुपये होते. चाचांच्या दोन-अडीच वर्षांच्या बचतीएवढे, आणि बचत तर आधीच गेली होती.

मी माझ्या आईकडून काही पैसे घेऊन गाळ्यावर गेले. चाचांनी ते हातातसुद्धा घेतले नाहीत. म्हणाले, "तुमच्या चुकीचे आहेत का हे?"

"हो."

"मग ठेवा. चूक तुमची, घर माझं. घराचे मी भरणार."

मुदतीचा शेवटचा दिवस आला. चाचा सकाळी कोर्टाच्या आवारात आले ते पैसे रुमालात बांधून. कुठून आणले विचारलं तर म्हणाले, "आहेत." कोर्ट फी तिकिटांतच भरतात, आणि स्टॅम्पवाल्याकडे मोठ्या किमतीची तिकिटं त्या दिवशी संपलेली. छोटी होती, पण ढीगभर लागणार होती. ती दाव्याच्या पानावर मावणं शक्यच नव्हतं. कोरे कागद जोडून त्यांवर चिकटवायची होती. मी घाईघाईने चार तिकिटं लावली, चारही वाकडी.

चाचांनी माझ्या हातातून कागद काढून घेतले. "सरका बाई."

व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी पिशवीतून खळीची डबी आणि हाडाची पट्टी काढली. आणली होतीच बरोबर. तिकिटाला खळ लावायची, ठेवायचं, पट्टीने हवा काढायची, पुढचं. ओळीला ओळ, कडेला कड, मध्ये सुतासारखी जागा. शेवटी सगळी पानं जुळवून त्यांनी कडेने दोऱ्याचे दोन टाके घातले. भोवती वकील, कारकून, पक्षकार गोळा झाले होते. एक जण म्हणाला, "चाचा, आमच्या दाव्यालाही लावून द्या की." चाचा म्हणाले, "फी भरलीय का पुरी? मग या."

शिरस्तेदारांनी ती पानं हातात घेऊन उलटसुलट बघितली. म्हणाले, "एवढी नीट कोर्ट फी मी नोकरीत पाहिली नाही." आणि मग नियमाप्रमाणे एकेका तिकिटाला भोक पाडून ती रद्द करायला लागले, म्हणजे पुन्हा कोणी वापरायला नको.

चाचांचा चेहरा उतरला. "पाडायलाच लागतं का?"

"लागतं."

"मग जरा मधोमध तरी पाडा."

शिरस्तेदारांनी, मी शपथेवर सांगते, पुढची सगळी भोकं मधोमध पाडली.

संध्याकाळी कळलं की पैसे कुठून आले. मी चाचांना सोडायला गाळ्यापर्यंत गेले होते. आत मशीन नव्हतं. जमिनीवर त्याच्या चार पायांचे चौकोन तेवढे स्वच्छ राहिले होते, बाजूला पथारी. मशीन पुढच्या गल्लीतल्या बाइंडरला विकलं होतं. तो सकाळी दोन तास चाचांना त्यावर काम करू देणार होता, असं ठरलं होतं. मी उंबऱ्यावरच बसले आणि मला रडू कोसळलं. चाचा म्हणाले, "अहो बाई, तुम्ही काय लहान आहात का," आणि पाणी आणून दिलं.

पंधरा दिवसांत भाच्याच्या वकिलांचा निरोप आला. पुढची साक्ष व्हायच्या आत तडजोड करू. भाचा घर सोडेल, खरेदीखत रद्द झालं असं मान्य करेल. अट एवढीच, की दाव्याचा खर्च मागायचा नाही.

सरांनी चाचांना बोलावून सगळं समजावून सांगितलं. "नीट ऐका. तडजोड केलीत तर घर मिळेल, पण भरलेली फी तुमची तुम्ही सोसायची. न करता दावा चालवलात तर आता आपली बाजू भक्कम आहे. जिंकलात की फीसुद्धा त्याच्याकडून खर्च म्हणून वसूल करता येईल. दोन-तीन वर्षं लागतील. तुमचं मशीन परत येईल."

मी मध्येच बोलले. माझ्याने राहवलं नाही. "चाचा, चालवा. आता त्याची फजिती होऊ दे. तो परत पिंजऱ्यात उभा राहिला ना, तर सर त्याला सोडणार नाहीत."

चाचा बराच वेळ सरांच्या कपाटाकडे बघत होते. सगळी त्यांनीच बांधलेली पुस्तकं.

"परत उभा राहिला तर काय सांगेल तो?" त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "सांगेल की तुम्ही राजीखुशीने विकलं. पैसे मोजून घेतले. कागद वाचून दाखवला तेव्हा खरेदीखतच वाचलं."

"शपथ घेऊन?"

"शपथ घेतल्याशिवाय बोलताच येत नाही."

चाचांनी मान हलवली. "नको मग. त्या दिवशी पोरगा शपथ घेऊन बोलला ते खरं बोलला. माझ्या घराचं एवढं कौतुक केलं त्याने. घर तेवढंच आहे, लाखाच्या वरचं. आता इथंच थांबवा. पुढे बोलला तर खोटं बोलेल, आणि ते मला बसून ऐकावं लागेल."

"पण मशीन, चाचा," मी म्हणाले.

"मशीनचं काय, बाई. पोराला मी वाढवलंय," चाचा म्हणाले, आणि सही कुठे करायची ते विचारलं.

सरांनी बोट ठेवून जागा दाखवली. चाचांनी सही करायच्या आधी कागद माझ्याकडे सरकवला, म्हणाले, "आधी वाचून दाखवा." मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, आणि शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्दही गाळला नाही.